बंद बरणीतली मेणबत्ती: ऑक्सिजन शिल्लक असताना ज्योत का विझते (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी

नववीच्या मुलांसाठी ज्वलनाचा प्रयोग नव्याने बसवायला घेतला आहे. नेहमीचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे: ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून उपडी बरणी. ज्योत विझते, पाणी बरणीत चढतं, आणि फळ्यावर लिहिलं जातं की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो. निष्कर्षातला शेवटचा भाग खरा आहे. पण या प्रयोगातून तो निघत नाही. ज्योत विझते तेव्हा बरणीतल्या हवेत साधारण १६ टक्के ऑक्सिजन असतो. सुरुवातीला २०.९ असतो. म्हणजे चारपंचमांशाच्या आसपास ऑक्सिजन तसाच पडून राहतो.

हे नुसतं सांगून चालणार नाही. मुलांना ते स्वतः मोजता आलं पाहिजे, आणि शक्यतो महागड्या यंत्राशिवाय. त्यासाठी या नोंदी.

६ जानेवारी

आधी पाण्याचाच प्रयोग, पण फक्त एका प्रश्नासाठी: पाणी नेमकं कधी चढतं?

दोन लिटरची बरणी, बाहेरून पट्टी चिकटवलेली. बरणी ज्योतीवर उतरवताना काठाखालून बुडबुडे निघतात. बरणी टेकल्यावरही दोन-चार निघतात. ज्योत जळत असताना पाण्याची पातळी जवळजवळ हलत नाही. ज्योत बारीक झाली की पाणी थोडं सरकतं, आणि विझल्यावर पुढच्या काही सेकंदांत झपकन वर येतं. ऑक्सिजन खर्च होण्याबरोबर पाणी चढत असतं, तर ते जळत असतानाच सावकाश चढत गेलं असतं. इथे ते ज्योत गेल्यावर चढतं, कारण तेव्हा तापलेली हवा थंड होऊन आकसते. जेवढी हवा बुडबुड्यांतून आधीच बाहेर गेली, तेवढी जागा आता पाणी भरून काढतं.

मग त्याच बरणीत तीन मेणबत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या. हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जवळजवळ दुप्पट चढलं. तीन ज्योतींनी हवा जास्त तापवली, जास्त हवा बाहेर गेली. मुलांना दाखवायला हा भाग पुरेसा आहे. एकाच हवेतला ऑक्सिजन मेणबत्त्या वाढवल्यावर दुप्पट कसा होईल, हा प्रश्न ती स्वतःच विचारतील.

थंड झाल्यावर रसायनामुळे आकारमान किती घटायला हवं, तेही काढून ठेवते. पॅराफिन मेण हे बऱ्याच लांब साखळ्यांचं मिश्रण आहे. हिशोबाला पंचवीस कार्बनची साखळी धरली:

```
C25H52 + 38 O2 → 25 CO2 + 26 H2O
```

ऑक्सिजनचे ३८ भाग गेले की कार्बन डायऑक्साइडचे २५ भाग परत येतात. पाण्याची वाफ बरेचदा काचेवर दव होऊन बसते, म्हणून ती वगळली. म्हणजे जळलेल्या ऑक्सिजनच्या फक्त तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा रिकामी होते. हवेतला साडेचार टक्के ऑक्सिजन जळला, तर रसायनाने होणारी घट दीड टक्का. ताटलीच्या प्रयोगात पाणी बरणीत चढलं आठ ते पंधरा टक्के. उरलेलं सगळं तापमानाचं काम आहे.

९ जानेवारी

मोजायची पद्धत ठरली: मेणबत्तीचं वजन करायचं.

वरचं समीकरण उलट वाचलं की झालं. ३८ मोल ऑक्सिजनला सुमारे ३५३ ग्रॅम मेण लागतं, म्हणजे एक मोल ऑक्सिजनमागे ९.३ ग्रॅम. बरणीत किती मेण जळलं ते कळलं की किती ऑक्सिजन गेला ते कळतं. आत काहीही खुपसावं लागत नाही.

लहान बरणीत हे जमत नाही. दोन लिटरच्या बरणीत ज्योत विझेपर्यंत जेमतेम ०.०३ ग्रॅम मेण जातं आणि आपला वजनकाटा ०.०१ ग्रॅम दाखवतो. म्हणून २० लिटरची काचेची मोठी बरणी घेतली. पाणी मोजून भरलं तेव्हा आकारमान २० लिटरच्या अगदी जवळ आलं.

आता हिशोब. २० लिटर हवेत ४.१८ लिटर ऑक्सिजन. खोलीचं तापमान २७ अंश सेल्सिअस, त्या तापमानाला एक मोल वायू २४.६ लिटर जागा घेतो. म्हणजे ०.१७ मोल ऑक्सिजन. तो सगळाच्या सगळा जळला तर १.५८ ग्रॅम मेण जायला हवं. तो १६ ते साडेसोळा टक्क्यांवर थांबला, तर ०.३३ ते ०.३७ ग्रॅम. दोन उत्तरांत इतकं अंतर आहे की साधा काटाही निकाल देईल.

१२ जानेवारी

पहिली खरी मोजणी. पद्धत सविस्तर लिहिते, कारण गडबड व्हायच्या जागा इथेच आहेत.

मेणबत्ती आधी दहा मिनिटं पेटवून वातीभोवती वितळलेल्या मेणाचं तळं होऊ दिलं. नव्या वातीची ज्योत पहिली काही मिनिटं एकसारखी नसते. मग विझवून, गार करून, वजन. पुन्हा पेटवली, ज्योत स्थिर व्हायला दहा सेकंद दिले आणि बरणी उपडी करून ओल्या रबराच्या जाड चादरीवर टेकवली. तापलेली हवा काठाखालून बाहेर पडते, ते ठीक आहे. बरणी घट्ट बंद केली तर आत दाब वाढतो आणि काचेला धोका होतो. विझल्यावर हवा आकसते आणि बरणी रबराला अशी चिकटते की लगेच उचलताच येत नाही. वितळलेलं मेण सांडू नये म्हणून पूर्ण गोठेपर्यंत थांबायचं, मगच वजन.

ज्योत साडेतीन मिनिटांच्या जरा पुढे जळली. वजनातली घट ०.३७ ग्रॅम.

यातून एक वजावट करावी लागते. बरणी टेकायच्या आधीचे दहा सेकंदही मेण जळतच होतं, आणि ज्योत गेल्यावर वातीतून जो पांढरा धूर निघतो, तो न जळलेल्या मेणाचीच वाफ असते. म्हणून एक कोरी मोजणी केली: तीच मेणबत्ती, दहा सेकंद पेटती, मग झाकण टाकून विझवलेली. घट ०.०३ ग्रॅम. उरलं ०.३४.

०.३४ भागिले १.५८ म्हणजे साडेएकवीस टक्के. बरणीतल्या ऑक्सिजनपैकी एवढाच गेला. २०.९ मधला १६.४ शिल्लक.

पुढच्या मोजण्या ०.३२ ते ०.३६ च्या दरम्यान आल्या. फार फरक नाही.

एक मर्यादा नोंदवायला हवी. जळताना काही हवा बाहेर पडली आणि ती बहुतेक सुरुवातीची, म्हणजे ताजी होती. तिच्यासोबत गेलेला ऑक्सिजन हिशोबात बरणीतच धरला गेला आहे. दहा टक्के हवा बाहेर गेली असं मानलं तर विझतानाचा खरा आकडा १६.४ ऐवजी १६ च्या आसपास येतो. मूळ मुद्द्याला याने धक्का लागत नाही, पण दशांशावर भांडू नये.

१५ जानेवारी

ऑक्सिजन सेन्सर उसना मिळाला. गॅल्व्हॅनिक सेलचा आहे: आतल्या धातूवर ऑक्सिजनची क्रिया होते आणि त्या प्रमाणात व्होल्टेज मिळतं. मोकळ्या हवेत २०.९ वर लावून घ्यायचा. त्याला खरी किंमत दाखवायला दहा-पंधरा सेकंद लागतात, म्हणून ज्योत विझली त्या क्षणीचा आकडा वाचून उपयोग नाही, थोडं थांबायचं. सेन्सरच्या तोंडावरच्या पातळ पडद्यावर दव बसलं की आकडा भलतीकडे जातो, तेव्हा सेन्सर काचेपासून लांब ठेवायचा.

ज्योतीच्या उंचीवर बांधला तेव्हा १६.७ वर स्थिरावला. वजनाच्या पद्धतीशी जुळतं. मग बरणीच्या छताजवळ बांधून पुन्हा प्रयोग केला: १५.९.

एकाच बरणीत दोन वेगळे आकडे. हे अपेक्षित होतं, तरी ते डोळ्यांनी वाचताना छान वाटलं. यावर वेगळी नोंद हवी.

१७ जानेवारी

लांडी मेणबत्ती आणि उंच मेणबत्ती एकाच बरणीत. कोण आधी विझेल असं मुलांना विचारलं, तर बहुतेकांनी लांडी म्हटलं. कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो खाली साचणार, असा विचार. विचार चुकीच्या जागी वापरला जातो एवढंच. थंड कार्बन डायऑक्साइड खरंच हवेपेक्षा जड असतो. पण ज्योतीतून निघालेला वायू नुसता कार्बन डायऑक्साइड नसतो. बहुतेक नायट्रोजन, थोडी वाफ, थोडा कार्बन डायऑक्साइड, आणि हे सगळं शेकडो अंश तापलेलं. ते सरळ छताकडे जातं, तिथे पसरतं आणि वरून खाली थर वाढत येतो.

उंच मेणबत्ती स्पष्टपणे आधी गेली. लांडी त्यानंतर बराच वेळ जळत राहिली. ज्योतीकडे बाजूने बघितलं तर थर उतरताना दिसल्यासारखा वाटतो: उंच ज्योत आधी निळसर होते, लांडी अजून पिवळीधमक.

मग फक्त उंच मेणबत्ती ठेवून वजन केलं. वजावट जाऊन घट ०.२१ ग्रॅम. म्हणजे तिने बरणीतल्या ऑक्सिजनचा सातवा-आठवा हिस्साच वापरला आणि विझली. तळाशी सेन्सर ठेवला तर १९ च्या वर. म्हणून 'मेणबत्ती १६ टक्क्यांवर विझते' हे वाक्य ज्योतीला लागून असलेल्या हवेबद्दल खरं आहे. सबंध बरणीची सरासरी वात किती उंच आहे, बरणी किती अरुंद आहे, यावर ठरते.

२० जानेवारी

मुलांचा पुढचा प्रश्न रास्त आहे: ऑक्सिजन भरपूर आहे हे मान्य, पण मग कार्बन डायऑक्साइडने विझवली असेल ना? अग्निशामक नळकांड्यात तोच असतो.

समीकरणावरून बरणीत जमणारा कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांच्या आसपास येतो. तेवढाच ताज्या हवेत मुद्दाम मिसळून बघायचं. २० लिटरचे तीन टक्के म्हणजे ०.६ लिटर. त्यासाठी दोन ग्रॅम खाण्याचा सोडा आणि त्याला पुरून उरेल एवढं व्हिनेगर. फेस बसला की छोट्या पंख्याने हवा हलक्या हाताने मिसळून घेतली, पंखा बंद केला आणि लांडी मेणबत्ती पेटवून झाकली.

ज्योत व्यवस्थित जळत राहिली. साध्या हवेतल्यापेक्षा थोडी लवकर गेली, पण मिनिटांचाच काळ टिकली. तीन टक्के कार्बन डायऑक्साइड एकट्याने ज्योत विझवू शकत नाही. त्यासाठी ताज्या हवेत तो याच्या कितीतरी पट मिसळावा लागतो, दहा टक्क्यांच्याही वर. बरणीत त्याचा हातभार आहे, कारण तो तापायला नायट्रोजनपेक्षा जास्त उष्णता घेतो. मुख्य कारण तो नाही.

२३ जानेवारी

उरलेला ऑक्सिजन खरोखर वापरण्याजोगा आहे का, हे दाखवायला स्टील वूल घेतलं. बारीक लोखंडी तारांचा हा गुंडा व्हिनेगरमध्ये बुडवून, त्यावरचं तेल काढून, झटकून घेतला. ओलं लोखंड गंजताना ऑक्सिजन शोषतं आणि त्याला ज्योतीसारखी तापमानाची अट नसते. ऑक्सिजन अगदी विरळ झाला तरी गंज चालूच राहतो.

दोन मोजपात्रं पाण्यात उपडी केली. एकात खोलीची हवा २०० मिली. दुसऱ्यात, मेणबत्ती विझलेल्या बरणीतून मोठ्या सिरिंजने ओढलेली हवा, तीही २०० मिली. दोन्हीत खालून स्टील वूल सरकवलं आणि तसंच ठेवून दिलं.

२५ जानेवारी

गुंडे तांबूस झाले आहेत, पाणी चढायचं थांबलं आहे. आत आणि बाहेर पाण्याची पातळी एक करून वाचन घेतलं. खोलीच्या हवेत पाणी ४१ मिली चढलं, म्हणजे सुमारे एक पंचमांश. ताटलीतल्या मेणबत्तीकडून जे सिद्ध करून घ्यायचा प्रयत्न होतो, ते हे लोखंड शांतपणे करून दाखवतं.

दुसऱ्या पात्रात ३४ मिली. म्हणजे ज्योत ज्या हवेत मेली, त्या हवेतून लोखंडाने १७ टक्के आणखी काढले. यात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळल्याचा थोडा भाग आहे, तेव्हा ऑक्सिजन त्याहून जरा कमीच. वजन, सेन्सर आणि गंज, तीन वेगवेगळ्या मार्गांनी उत्तर एकाच जागी येतं आहे.

२८ जानेवारी

आता कारण. इथे घाई करायची नाही.

ज्योत स्वतःच्या उष्णतेवर जगते. त्या उष्णतेने मेण वितळतं, वातीतून वर येतं, त्याची वाफ होते. तीच उष्णता वाफेच्या रेणूंचे तुकडे करते आणि हे तुकडे ऑक्सिजनशी भिडतात. या कामापुरती उष्णता उरली पाहिजे.

एक लिटर ऑक्सिजन जळला की सुमारे १७ किलोज्युल उष्णता मिळते. इंधन मेण असो की तेल, हा आकडा फारसा बदलत नाही. ताज्या हवेत त्या एका लिटरसोबत इतर वायू, बहुतेक नायट्रोजन, ३.८ लिटर येतो. नायट्रोजन जळत नाही, उष्णता देत नाही, पण ज्योतीतून जाताना तापून मात्र जातो. बरणीत ऑक्सिजन १६ टक्क्यांवर आला की त्याच एका लिटरमागे सव्वापाच लिटर इतर वायू येतो. मिळकत तेवढीच, पण तापवायचं ओझं जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढलेलं. हिशोब केला तर ज्योत जास्तीत जास्त जितकी तापू शकते, ती मर्यादा सुमारे ४०० अंशांनी खाली येते.

आणि ज्वलनाचा वेग तापमानाच्या प्रमाणात हळूहळू घटत नाही, तो कोसळतो. ज्योतीला चालू ठेवणारी मुख्य क्रिया म्हणजे हायड्रोजनचा सुटा अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळून एकाच्या जागी दोन क्रियाशील तुकडे तयार करतो. हे तुकडे पुढची क्रिया चालवतात. या क्रियेला मोठी ऊर्जा लागते, म्हणून ती तापमानाला फार हळवी आहे. त्याच वेळी तुकडे एकमेकांत जुळून निष्क्रियही होत असतात आणि त्यांना तशी ऊर्जा लागत नाही. ज्योत थंडावली की तयार होणारे तुकडे कमी पडतात. शिवाय थंड ज्योत वातीला कमी उष्णता देते, मेणाची वाफ कमी होते, ज्योत लहान होते आणि लहान ज्योतीची तिच्या आकाराच्या मानाने जास्त उष्णता वातीत वाया जाते. प्रत्येक गोष्ट दुसरीला खाली ओढते. म्हणून शेवट इतका अचानक येतो.

शेवटचे वीस सेकंद अंधारात बघण्यासारखे असतात. आधी पिवळा भाग आखूड होतो, कारण पिवळा प्रकाश तापलेल्या काजळीच्या कणांचा असतो आणि आता काजळी कमी बनते. मग फक्त निळी टोपी उरते. तिची खालची कड वातीपासून सुटते, वर सरकते, एकदा परत खाली येते. मग निळाही जातो आणि धुराची बारीक दोरी वर चढते.

३१ जानेवारी

एका मुलाने विचारलं: उंच डोंगरावर हवा विरळ असते, मग तिथे मेणबत्ती पेटणारच नाही का?

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. एक लिटर हवेत ऑक्सिजनही निम्माच, बरणीत मेणबत्ती विझते त्यापेक्षाही बराच कमी. तरी तिथे मेणबत्ती जळते. कारण नायट्रोजनही निम्मा झालेला असतो. टक्केवारी तीच, २०.९. एका लिटर ऑक्सिजनमागचं ओझं तेच, ३.८ लिटर. ज्योत थोडी मंद आणि निळसर दिसते, पण टिकते.

माणसाचं उलट आहे. आपल्या रक्ताला ऑक्सिजनचा दाब लागतो, सोबतच्या नायट्रोजनशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून त्या उंचीवर माणसाला धाप लागते आणि मेणबत्ती जळते. समुद्रसपाटीला १६ टक्के ऑक्सिजनच्या खोलीत मेणबत्ती विझते आणि माणूस शुद्धीत असतो. आपण सोडलेल्या श्वासातही साधारण १६-१७ टक्के ऑक्सिजन असतो, आणि तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवता येतो तो यामुळेच. कोळसा खाणीत ज्योतीचा सुरक्षा दिवा वापरत, तोही याच फरकावर चालायचा: दिवा १६-१७ टक्क्यांना जायचा आणि खाणकामगाराला बाहेर पडायला वेळ मिळायचा. मात्र दिवा जळतोय म्हणजे हवा सुरक्षित, असं कधीच धरू नये. कार्बन मोनॉक्साइडचं जीवघेणं प्रमाण ज्योतीला विझवत नाही.

१६ हा आकडा मेणबत्तीचा आहे, आगीचा नाही. हायड्रोजन पाच टक्क्यांच्या आसपासच्या ऑक्सिजनमध्येही जळू शकतो, कारण त्याची ज्योत फार वेगाने चालते आणि थंड झाली तरी टिकते. सोबतचा वायू बदलला तरी आकडा हलतो. नायट्रोजनच्या जागी आर्गॉन घातला तर तो तापायला कमी उष्णता घेतो, आणि ज्योत आणखी कमी ऑक्सिजनवर तग धरते. कार्बन डायऑक्साइड घातला तर उलट, ती आधीच जाते.

आर्गॉनचा छोटा सिलिंडर मिळाला तर पुढची मोजणी तीच. बरणी तीच, मेणबत्ती तीच, २०.९ टक्के ऑक्सिजन आणि बाकी आर्गॉन. वजनातली घट ०.३४ च्या वर यायला हवी.